टन कशाचे? द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचे एक गणित

नाशिककडची द्राक्षे, दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि चार मीटर उंच अशी एक खोली, रोज पाच टन माल आत येणार, खोलीचे तापमान शून्य अंश सेल्सिअस, बाहेर चाळीस. शीतयंत्र किती टनाचे लागेल? अन्न अभियांत्रिकीच्या विद्यापीठ परीक्षेत आणि गेटच्या कृषी अभियांत्रिकी व अन्न तंत्रज्ञानाच्या पेपरांत थोड्याफार फरकाने असे प्रश्न विचारले जातात. विद्यार्थी सूत्रात आकडे भरून उत्तर काढतो. पण हेच गणित गावातल्या शेतकरी गटाला आपले कोल्ड स्टोरेज बांधताना करावे लागते, आणि तिथे चुकलेल्या उत्तराची किंमत मालातून वसूल होते. म्हणून ते एकदा सावकाश सोडवून पाहू.

आधी टनाचा घोळ सोडवायला हवा. या खोलीचे घनफळ ३२० घनमीटर भरते. आपल्याकडे बागायती मालाच्या कोल्ड स्टोरेजसाठी सरकारी मानकांत एक टन मालामागे ३.४ घनमीटर जागा धरतात. त्या हिशेबाने खोलीत साधारण ९४ टन माल मावतो. ही झाली साठवणक्षमता. यंत्राचा टन मात्र वजनाचा नाही, उष्णता काढण्याच्या वेगाचा आहे. यंत्रांच्या आधी थंडाव्यासाठी बर्फ वापरत. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तो वेग म्हणजे एक टन. आजच्या मापात ३.५१७ किलोवॅट. इथला बर्फाचा टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा आहे. हजार किलो धरून गणित करणाऱ्याचे उत्तर ३.८८ किलोवॅट येते आणि पुढची प्रत्येक ओळ दहा टक्क्यांनी चुकते.

आता उष्णता कुठून येते ते पाहू. पहिली वाट भिंतींची. चार भिंती, छत आणि जमीन मिळून ३०४ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. त्यावर १०० मिलिमीटर जाडीचे पफचे पॅनल असेल, तर दर चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंश फरकामागे सुमारे पाव वॅट उष्णता आत झिरपते. फरक चाळीस अंशांचा. गुणाकार केला की ३.०४ किलोवॅट मिळतात. जमीन बाहेरच्या हवेइतकी तापत नाही, म्हणून हा आकडा किंचित जास्तच आहे. पण परीक्षेत एवढी सूट चालते.

दुसरी वाट मालाची. द्राक्षाची विशिष्ट उष्णता ३.६ किलोज्यूल धरू, म्हणजे एक किलो द्राक्षे एक अंशाने थंड करायला ३.६ किलोज्यूल काढावे लागतात. खोलीत येणारा माल आधी प्रीकूलिंगमध्ये चार अंशांवर आणलेला आहे असे समजू. मग रोज पाच हजार किलो, चार अंश, म्हणजे ७२ हजार किलोज्यूल. दिवसभरात ८६,४०० सेकंद असतात, त्यावर विभागले की ०.८३ किलोवॅट.

इथे पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. ७२ हजार किलोज्यूल हे उत्तर नाही. ही उष्णतेची रास झाली, आणि यंत्राची क्षमता ही रास किती वेळात उपसायची यावर ठरते. त्याचे सगळ्यात ठळक उदाहरण याच द्राक्षांच्या प्रीकूलिंगमध्ये आहे. बागेतून तीस अंशांवर आलेली पाच टन द्राक्षे चार अंशांवर आणायची, तर ४,६८,००० किलोज्यूल काढायचे असतात. हे काम चोवीस तासांत केले तर ५.४ किलोवॅट, म्हणजे दीड टनाचे यंत्र पुरते. पण द्राक्ष तोडल्यावर जितके तास गरम राहते तितका त्याचा देठ सुकतो, म्हणून प्रीकूलिंग सहा तासांत संपवायचे असते. तेवढीच उष्णता सहा तासांत काढायला २१.७ किलोवॅट, म्हणजे सव्वासहा टनांच्या आसपास यंत्र लागते. माल तोच, उष्णता तीच, यंत्र चौपट. प्रश्नात ‘किती तासांत’ हे शब्द आले की त्यांच्याखाली रेघ मारायला मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

तिसरी वाट मालाच्या श्वसनाची. फळ तोडल्यावरही जिवंत असते आणि श्वास घेताना उष्णता सोडते. शून्य अंशावर द्राक्षे फार थोडी उष्णता सोडतात, टनामागे सहा वॅटच्या आसपास. खोलीत ९० टन माल धरला तर ०.५४ किलोवॅट. हाच प्रश्न मटाराचा असता तर हा आकडा कितीतरी पटींनी मोठा झाला असता. आणि मटार गोठवायचा असता, तर त्यातल्या पाण्याची बर्फ होतानाची सुप्त उष्णता बाकी सगळ्यांवर भारी पडली असती. द्राक्षे शून्यावर गोठत नाहीत, म्हणून इथे सुप्त उष्णतेची ओळ लिहायचीच नसते. लिहिणारे मात्र भेटतात, कारण त्यांना सूत्र पाठ असते.

उरल्या किरकोळ वाटा. आतल्या पंख्यांच्या मोटारींना दिलेली सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होते. ती दीड किलोवॅट धरू. दार उघडल्यावर शिरणारी हवा, माणसे आणि दिवे यांचे मिळून १.२ किलोवॅट. सगळी बेरीज ७.११ किलोवॅट. त्यावर दहा टक्के राखीव धरले की ७.८२.

या आकड्याला ३.५१७ ने भागून थांबणारा विद्यार्थी सव्वादोन टन लिहितो आणि गुण गमावतो. यंत्र चोवीस तास चालत नाही. थंड कॉइलवर बर्फ जमतो आणि तो वितळवण्यासाठी थंडावा मधूनमधून बंद ठेवावा लागतो. दिवसाचे अठरा तास यंत्र चालेल असे धरले, तर चोवीस तासांत शिरलेली उष्णता अठरा तासांत काढायची असते. ७.८२ ला २४ ने गुणून १८ ने भागायचे: १०.४३ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ तीन टन. ९४ टनांच्या खोलीला तीन टनांचे यंत्र! ऐकताना विचित्र वाटते, पण दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रीकूलिंग वगळून तीस अंशांचा माल थेट याच खोलीत ओतला असता, तर याच हिशेबाने सव्वापाच टन लागले असते.

प्रश्नाचा दुसरा भाग यंत्राच्या आतला. मातीच्या माठातले पाणी वाफ होताना जशी माठाची उष्णता घेऊन जाते, तसेच कूलिंग कॉइलमध्ये, म्हणजे इव्हॅपरेटरमध्ये, शीतक उकळते आणि खोलीची उष्णता घेते. फरक एवढाच की ही वाफ वाऱ्यावर सोडायची नसते. कॉम्प्रेसर ती ओढून दाबतो, इतकी की ती बाहेरच्या चाळीस अंशांच्या हवेपेक्षा किंवा पाण्यापेक्षा गरम होते. मग कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर सोडून परत द्रव होते. एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून जाताना द्रवाचा दाब एकदम पडतो, थोड्या द्रवाची लगेच वाफ होते, आणि उरलेला द्रव थंड होऊन कॉइलमध्ये शिरतो.

अमोनियाचे चक्र, कॉइलमध्ये उणे दहा अंश, कंडेन्सरमध्ये चाळीस अंश, असा प्रश्न असला तर एन्थाल्पीचे तीन आकडे दिलेले असतात. सोयीसाठी ते असे धरू: कॉम्प्रेसरमध्ये शिरताना १४५०, बाहेर पडताना १६९० आणि कंडेन्सरमधून निघालेल्या द्रवाची ३९० किलोज्यूल प्रतिकिलो. व्हॉल्व्हमध्ये एन्थाल्पी बदलत नाही, म्हणून कॉइलमध्ये शिरतानाही ती ३९०च. आता सगळे वजाबाकीचे काम आहे. प्रत्येक किलो अमोनिया खोलीतून १०६० किलोज्यूल उचलतो आणि त्यासाठी कॉम्प्रेसर २४० किलोज्यूल खर्च करतो. १०.४३ किलोवॅटसाठी तासाला सुमारे ३५ किलो अमोनिया फिरवावा लागतो, आणि कॉम्प्रेसरचे काम २.३६ किलोवॅट होते.

कंडेन्सर किती क्षमतेचा लागेल? बरेच जण इथेही १०.४३ लिहितात. पण कंडेन्सरला खोलीची उष्णता आणि कॉम्प्रेसरने घातलेली ऊर्जा, दोन्ही बाहेर टाकायच्या असतात: १२.७९ किलोवॅट. उत्तर बरोबर आहे का ते तपासायचा हा सोपा मार्गही आहे. कॉइल आणि कॉम्प्रेसर यांची बेरीज कंडेन्सरशी जुळली नाही, तर वर कुठेतरी चूक आहे. (इतक्या लहान खोलीला प्रत्यक्षात बहुधा फ्रीऑन जातीचे यंत्र बसवतात, अमोनिया मोठ्या प्रकल्पांत असतो. पण हिशेबाची रीत तीच.)

प्रश्न इथे संपतो, द्राक्षे मात्र अजून खोलीत आहेत. त्यांना शून्य अंशाबरोबर ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. हवा शून्यावर आणि कॉइल उणे दहावर असेल, तर हवेतली ओल कॉइलवर बर्फ होऊन बसते आणि हवा पुन्हा द्राक्षांकडून ओल मागते. थर्मामीटर शून्य दाखवत राहतो, पण घडाचा हिरवा देठ तपकिरी होऊ लागतो. कॉइलवर वारंवार जाड बर्फ दिसणे आणि देठ सुकणे या दोन खुणा एकत्र दिसल्या, तर यंत्र लहान आहे असे समजू नये. कॉइल लहान असण्याची शक्यता जास्त. लहान कॉइलला तेवढीच उष्णता उचलायला जास्त थंड व्हावे लागते. कॉइलच्या दर चौरस मीटरला अंशामागे २० वॅट धरले, तर दहा अंशांच्या फरकाला ५२ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो आणि पाच अंशांच्या फरकाला १०४.

दुप्पट कॉइल महाग पडते, म्हणून दरपत्रकात ती सहसा आपणहून येत नाही. पण तिचा फायदा कॉम्प्रेसरलाही होतो. उणे दहा अंशांवर एक किलो अमोनियाची वाफ ०.४१८ घनमीटर जागा घेते, उणे पाचावर सुमारे ०.३४७. कॉम्प्रेसर प्रत्येक फेरीला ठरलेले घनफळच ओढतो, त्यामुळे दाट वाफ मिळाली की त्याच फेरीत जास्त किलो अमोनिया जातो आणि तेच यंत्र सुमारे वीस टक्के जास्त थंडावा देते. उलट कॉइल उणे वीसपर्यंत उतरली, तर तीन टनांच्या त्याच यंत्रातून दोनच टन निघतात. म्हणून दरपत्रकावर ‘३ टन’ लिहिलेले असेल, तर त्याशेजारी कॉइलचे आणि कंडेन्सरचे तापमान लिहून मागावे, आणि कॉइलचा पृष्ठभागही.