‘शुद्ध’ दिसतं कसं?

समजा धरमपेठेत संत्र्याच्या सालीचा नवा स्किनकेअर ब्रँड निघतोय. मूल्यं ठरली: शुद्ध, प्रामाणिक, नागपुरी. हेच शब्द इमेज टूलला दिले, की बहुतेक वेळा पांढरा संगमरवर आणि हिरवं पान येतं. विशेषणाला रंग नसतो ना! म्हणून प्रत्येक शब्दाची वस्तू करा. प्रॉम्प्ट असा लिहा:

“मूडबोर्ड, नऊ चौकटी. पारदर्शक काचेची बाटली, डागांसकट संत्र्याची साल, वाळलेल्या सालीचा तपकिरी-नारिंगी रंग, दुपारचं कडक ऊन, ठळक सावली.”

‘पान नको’ असं यात लिहू नका. नाव घेतलं की बऱ्याचदा तेच उगवतं. निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असेल, तर तिथे फक्त ‘पान, संगमरवर’ टाका.

आता ब्रँडचं नाव झाकून बघा. बोर्ड कुठल्याही क्रीमला चालतोय? मग एखादं विशेषण अजून विशेषणच राहिलंय.