बँकेची सेवा बंद राहणार, पण नक्की कधी?

‘देखभालीच्या कामामुळे रविवारी रात्री 12 वाजता सेवा बंद राहील.’ अशा सूचनेने ग्राहक गोंधळतो. रात्री 12 म्हणजे शनिवार संपताना की रविवार संपताना? आणि सेवा म्हणजे नेमकी कोणती?

समजा, एका बँकेला मध्यवर्ती संगणकप्रणालीत बदल करायचा आहे. तिने असे लिहावे: ‘शनिवारी रात्री 11:45 ते रविवारी पहाटे 1:15, भारतीय वेळेनुसार, आमच्या खात्यातून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग चालणार नाही. एटीएम सुरू राहतील. छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइट वापरता येईल. त्यात शनिवारी संध्याकाळपर्यंत पैसे भरून ठेवा.’

शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. यूपीआय लाइटमध्ये रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असते, त्यामुळे दर खरेदीला बँकेच्या मुख्य प्रणालीची गरज लागत नाही. मात्र प्रणाली बंद पडल्यावर त्यात नव्याने पैसे भरता येत नाहीत. म्हणून पर्याय वेळेआधी कळायला हवा, आणि तो त्या काळात खरोखर चालतो हे बँकेने तपासलेले हवे.

वेळ ठरवताना काम फसल्यास जुनी व्यवस्था परत आणण्याची मिनिटेही धरावीत. तरीही उशीर झालाच, तर 1:15 वाजण्यापूर्वीच नवी वेळ कळवावी आणि काम संपल्यावर तसा संदेश पाठवावा.

ग्राहकांनीही एक पथ्य पाळावे: व्यवहार अडकला, तर त्याची स्थिती तपासल्याशिवाय पुन्हा पैसे पाठवू नयेत.