वाढीव कामास नकार देणारे पत्र

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात तुम्ही चौकशीपत्र, दरपत्रक आणि मागणीपत्र अभ्यासले. त्या पत्रांत दोन्ही पक्षांना व्यवहार जुळवायचा असतो. नकारपत्रात मात्र व्यवहाराचा एक भाग नाकारायचा असतो आणि उरलेला टिकवायचा असतो. बहुतेक वेळा ज्याला नकार द्यायचा त्याच्याकडूनच निम्मे पैसे येणे बाकी असते. म्हणून या पत्रातील प्रत्येक वाक्य तोलून लिहावे लागते.

असे समजा की पुण्यात तिघांचा एक छोटा स्टुडिओ आहे. वास्तुरचनाकाराच्या आराखड्यांवरून न बांधलेल्या इमारतीची संगणकीय चित्रे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. एका बांधकाम व्यावसायिकाने त्यांच्याकडे अकरा मजली इमारतीची सहा बाह्यदृश्ये मागितली. शुल्क १,२०,००० रुपये ठरले, निम्मे आगाऊ मिळाले आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या शुल्कातच धरल्या गेल्या. प्रथम इमारतीचे रंगहीन, राखाडी मॉडेल दाखवून लेखी मान्यता घेतली गेली. मग काच, दगड, रंग, झाडे आणि उजेड यांचे काम सुरू झाले. पहिल्या फेरीत गॅलरीचे काचेचे कठडे बदलून लोखंडी झाले, दुसऱ्या फेरीत प्रवेशद्वार आणि बागेची मांडणी बदलली. त्यानंतर वरच्या तीन मजल्यांची दर्शनी बाजूच नव्या आराखड्यानुसार मागण्यात आली. स्टुडिओने संबंध राखण्यासाठी तेही विनाशुल्क केले, पण तसे लिहून कळविले नाही. सहाव्या दिवशी ईमेल आला: ‘मॉडेल तयारच आहे, तेव्हा दोन रात्रीची दृश्ये आणि एक मिनिटाचे चलचित्र त्यातच बसवून द्या.’

ग्राहकाची ही मागणी लबाडीची असेलच असे नाही. मॉडेल तयार आहे हे खरे आहे. पण मॉडेल म्हणजे चित्र नव्हे. रात्रीच्या दृश्यासाठी नुसता अंधार करून भागत नाही. प्रत्येक खिडकीमागचा दिवा, रस्त्यावरचे खांब, ओल्या फरसबंदीवरची झळाळी हे सारे नव्याने मांडावे लागते. चलचित्राचा हिशेब तर करूनच पाहा. सेकंदाला २५ चित्रचौकटी धरल्या तर ६० सेकंदांसाठी १,५०० चौकटी लागतात. एका चौकटीला संगणक दहा मिनिटे घेत असेल, तर १५,००० मिनिटे, म्हणजे २५० तास होतात. एकच यंत्र अहोरात्र चालवले तरी दहा दिवसांहून अधिक काळ जाईल, आणि मध्येच कठड्याचा रंग बदलला तर तो कठडा दिसणाऱ्या चौकटी पुन्हा कराव्या लागतील. पत्र लिहिणाऱ्याने हा हिशेब आधी स्वतः करावा. पत्रात मात्र त्याचा निष्कर्ष एका वाक्यात यावा.

आता पत्र पाहू.

दि. १२ जुलै २०२४
प्रति,
मा. संचालक,
अ. ब. क. बांधकाम, पुणे.

विषय : निवासी प्रकल्पाच्या संगणकीय दृश्यांतील वाढीव कामाबाबत.
संदर्भ : १) दि. ३ जूनचे कार्यादेशपत्र. २) दि. १४ जूनची मॉडेल-मान्यता. ३) आपला दि. १० जुलैचा ईमेल.

महोदय,
स. न. वि. वि.

आपला ईमेल मिळाला. प्रकल्पाची चित्रे आपल्या पसंतीस उतरत आहेत, याचा आम्हांला आनंद आहे.

कार्यादेशानुसार सहा बाह्यदृश्ये आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरल्या होत्या. दि. २० व २७ जून रोजी या दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या. दि. ४ जुलै रोजी वरच्या तीन मजल्यांच्या दर्शनी बाजूत झालेला बदल त्याबाहेरचा होता; तो आम्ही या एका वेळेपुरता विनाशुल्क केला आहे.

दोन रात्रीची दृश्ये आणि एक मिनिटाचे चलचित्र ही कामे मूळ कार्यादेशात नाहीत. त्यांसाठी प्रकाशयोजना व चित्रनिर्मिती नव्याने करावी लागत असल्याने, ती सध्याच्या शुल्कात व मुदतीत आम्ही स्वीकारू शकत नाही.

ठरलेली सहा दृश्ये आम्ही दि. १८ जुलै रोजी सुपूर्द करू. त्यानंतर उर्वरित ६०,००० रुपये कार्यादेशानुसार अदा करावेत, ही विनंती.

वाढीव कामे हवी असल्यास वास्तुरचनाकारांनी स्वाक्षरी केलेले अंतिम आराखडे पाठवावेत. त्यांवरून आम्ही स्वतंत्र दरपत्रक देऊ. हे काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापूर्वी सुरू करता येणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
(स्वाक्षरी)

या पत्रातील नकाराचे वाक्य पुन्हा वाचा. कारण आधी आले आहे आणि नकार शेवटी, पण तो निःसंदिग्ध आहे. आपल्याकडे ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’, ‘जरा अवघड आहे’ असे म्हणून नकार सुचवण्याची रीत आहे. समोरासमोर बोलताना चेहऱ्यावरून तो कळतो. कागदावर चेहरा नसतो. ‘प्रयत्न करतो’ याचा अर्थ ग्राहक होकार असाच घेतो आणि आठ दिवसांनी चलचित्र कुठवर आले, असे विचारतो. ‘सध्याच्या शुल्कात व मुदतीत’ हे शब्दही हेतुपुरस्सर आहेत. नकार कामाला नाही, अटींना आहे.

बदलांचा उल्लेख करताना ‘आपण वारंवार बदल केलेत’ असे वाक्य टाळले आहे. ‘फेऱ्या पूर्ण झाल्या’ या रचनेत कर्ता ग्राहक नसून फेऱ्या आहेत, त्यामुळे दोषारोप न होता तारखा मात्र नोंदल्या जातात. तक्रारीचे काम तारखांनीच करावे, विशेषणांनी नव्हे. उलट ‘आम्ही विनाशुल्क केला आहे’ येथे कर्ता ठळक ठेवला आहे, कारण केलेली सवलत ज्याने केली त्याच्या नावावर राहायला हवी. ‘या एका वेळेपुरता’ हे शब्द गाळले, तर तीच सवलत पुढच्या वेळी प्रथा ठरते. खरे तर हे वाक्य ४ जुलैलाच जायला हवे होते. या स्टुडिओची चूक तिथेच झाली.

‘आपण’ या सर्वनामाकडे विशेष लक्ष द्या. मराठीत त्याचा अर्थ आदरार्थी ‘तुम्ही’ असा होतो, तसाच ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ असाही होतो. ‘आपल्या करारानुसार’ असे लिहिल्यास करार कोणाचा, हा प्रश्न उरतो. म्हणून येथे ‘कार्यादेशानुसार’ असे लिहिले आहे. ‘उभयतांत ठरल्यानुसार’ हेही चालले असते.

पत्रात क्षमायाचना नाही, हे कदाचित तुम्हांला खटकले असेल. उशीर किंवा चूक झाली असती तर ती आवश्यक होती. न स्वीकारलेल्या कामाबद्दल क्षमा मागितली, तर ते काम करणे आपले कर्तव्य होते, असे आपणच लेखी मान्य केल्यासारखे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : वरील पत्र मिळाल्यावर ग्राहकाने दूरध्वनीवरून कळविले, ‘चलचित्र नको, पण एक रात्रीचे दृश्य तरी द्या, आणि ते मिळाल्यावरच उरलेले पैसे देऊ.’ हे संभाषण संदर्भात नोंदवून स्टुडिओच्या वतीने १२० शब्दांत उत्तर लिहा. सहा दृश्यांचे शुल्क आणि रात्रीच्या दृश्याचे काम हे दोन विषय दोन स्वतंत्र परिच्छेदांत ठेवा.