रिपोर्टला उशीर नेमका कुठे होतो?

छातीत दुखतंय म्हणून रुग्ण इमर्जन्सीत येतो. ईसीजीवरून उलगडा झाला नाही, की ट्रोपोनिन या रक्तचाचणीची वाट पाहावी लागते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं. रक्त काढल्यापासून तासाभरात निकाल हाती यावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात दोन तास लागले, की नातेवाईक आणि डॉक्टर दोघेही म्हणतात, ‘लॅबचं मशीन स्लो आहे.’ हा अंदाज बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि तो तपासून पाहता येतो.

लॅबमध्ये नमुना पोहोचल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंतच्या वेळेला ‘टर्नअराउंड टाइम’ म्हणतात. ही एकच संख्या पाहून उशीर झाला हे कळतं, कुठे झाला हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवावी लागते. नळीवरचा बारकोड आणि लॅबचं सॉफ्टवेअर यांमुळे यातल्या बऱ्याच नोंदी आपोआप होतात.

समजा, एका नळीच्या नोंदी अशा आहेत. 10.02 ला ती लॅबच्या खिडकीवर आली. 10.21 ला संगणकात नोंद झाली. 10.29 ला सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवली, 10.39 ला बाहेर काढली. 10.58 ला विश्लेषक यंत्रावर चढली, 11.16 ला यंत्राने आकडा दिला आणि 11.52 ला रिपोर्ट जाहीर झाला. एकूण 110 मिनिटं. त्यात सेंट्रिफ्यूजची 10 आणि यंत्राची 18 मिनिटं धरली, तर नळीवर खरं काम 28 मिनिटंच झालं. उरलेली 82 मिनिटं ती कुठल्या ना कुठल्या रॅकमध्ये किंवा संगणकाच्या यादीत थांबून होती. दुप्पट वेगाचं यंत्र आणलं, तरी 110 ची 101 मिनिटं होतील, एवढंच!

सगळ्यात मोठा थांबा शेवटचा आहे, 36 मिनिटांचा. आकडा तयार आहे, पण पॅथॉलॉजिस्ट वीस-पंचवीस रिपोर्ट साठल्यावर एकदम तपासून सही करतात. यावर उपाय म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांत बसणारे निकाल सॉफ्टवेअरने लगेच सोडावेत आणि बाकीचे माणसाने पाहावेत. यंत्राने धोक्याची खूण दिली असेल, तांबड्या पेशी फुटलेल्या असतील किंवा आकडा आधीच्या निकालापेक्षा फारच वेगळा असेल, तर तो निकाल थांबलाच पाहिजे. सेंट्रिफ्यूजचंही असंच आहे. ते भरण्यासाठी आणखी नळ्यांची वाट पाहिली जाते. तातडीच्या नमुन्यांसाठी छोटं वेगळं सेंट्रिफ्यूज ठेवलं, तर हा थांबा जातो. साध्या लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठायला सुमारे अर्धा तास द्यावा लागतो. हिरव्या झाकणाच्या हेपरिन नळीत तो लागत नाही. यंत्राला आणि चाचणीच्या किटला चालत असेल, तर नळी बदलणं हाच मोठा फायदा ठरतो.

एका नळीवरून निष्कर्ष काढता येत नाही. काही आठवड्यांच्या नोंदी घ्याव्या लागतात, आणि तिथे सरासरी फसवते. दहा नमुन्यांपैकी नऊ 40 मिनिटांत झाले आणि एकाला 180 मिनिटं लागली, तर सरासरी 54 येते. कागदावर तासाचं लक्ष्य पूर्ण, पण एक रुग्ण तीन तास ताटकळला. म्हणून शंभर नमुने वेळेच्या क्रमाने लावून पन्नासावा आणि नव्वदावा कुठे येतो, ते पाहतात. पन्नासावा ठीक आणि नव्वदावा फार लांब असेल, तर रोजची पद्धत बरी आहे, अधूनमधून काहीतरी अडतंय. मग तासागणिक आकडे मांडावेत. वॉर्डातले सकाळचे नमुने एकदम येतात, तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर ढीग लागतो. दिवसभर माणूस वाढवण्याऐवजी त्या दोन तासांपुरता दिला, तरी ढीग ओसरू शकतो.

घड्याळ चुकीचं असेल, तर सारा हिशेब वाया जातो. खिडकीवर नळ्या साठवून नंतर एकदम स्कॅन केल्या, तर ‘पोहोचली’ ही वेळच उशिरा पडते आणि लॅब कागदावर वेगवान दिसते. खरी ओळख अशी, की एकाच मिनिटाला पंधरा-वीस नमुने ‘आलेले’ दिसतात. रक्त गोठलं किंवा पेशी फुटल्या म्हणून पुन्हा मागवलेले नमुने अनेकदा हिशेबातून गळतात. पण सगळ्यात जास्त वाट त्याच रुग्णांनी पाहिलेली असते.

शिवाय हे घड्याळ लॅबच्या दारात सुरू होतं, रुग्णाचं मात्र सुई टोचली तेव्हाच. अनेक रिपोर्टांवर नमुना घेतल्याची, पोहोचल्याची आणि रिपोर्ट दिल्याची अशा तीन वेळा छापलेल्या असतात. पुढच्या वेळी त्या वाचून पाहा. पहिल्या दोन वेळांतच मोठं अंतर असेल, तर उशीर लॅबमध्ये नाही, वॉर्डात किंवा वाटेत झालेला आहे.