शेठनी विचारलं होतं वेगळंच

विमा एजंटची परीक्षा पास होऊन त्याला महिनाही झाला नव्हता. इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखानदाराची भेट मिळाली, तेव्हा त्याने आदल्या रात्री बोनसचे तक्ते तोंडपाठ केले. शेठ बेचाळिशीतले. घरी बायको आणि दोन मुली. बँकेचं कर्ज होतं, सुताच्या व्यापाऱ्यांची उधारीही.

तक्ता उघडताच शेठ म्हणाले, "ते राहू दे. उद्या माझं काही झालं, तर हे पैसे घरातच राहतील ना?"

"राहतील की! वहिनींना नॉमिनी करू," असं म्हणून तो पुन्हा वीस वर्षांनी मिळणाऱ्या रकमेकडे वळला. शेठनी चहा पाजला आणि "बघू" म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या एजंटकडून एक कोटीचा टर्म विमा घेतला.

शेठ विचारत होते देणेकऱ्यांबद्दल. नॉमिनीमुळे पैसे कोणाच्या हाती पडतील ते ठरतं, पण तेवढ्यावरून देणेकरी त्यावर हक्क सांगणार नाहीत, अशी खात्री देता येत नाही. त्यासाठी 1874 चा विवाहित महिला संपत्ती कायदा आहे. पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावरची पॉलिसी या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे घेतली, की ती त्यांच्यासाठीची विश्वस्त ठेव ठरते आणि वारसा-कर्जाच्या हिशोबात धरली जात नाही. मात्र प्रस्तावासोबतच वेगळा फॉर्म भरावा लागतो; पॉलिसी निघाल्यावर ती सोय नाही. नंतर लाभार्थी मनासारखे बदलता येत नाहीत. आणि देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूनेच पॉलिसी काढल्याचं सिद्ध झालं, तर पॉलिसीच्या रकमेतून आपलं देणं वसूल करण्याचा त्यांचा हक्क राहतो.

दुसऱ्या एजंटने तो फॉर्म पहिल्याच भेटीत पुढे ठेवला होता. आपल्या नव्या एजंटला हे कळलं तेव्हा त्याने तक्ते पिशवीतच ठेवायला सुरुवात केली. समोरचा बोलायचा थांबला, तरी तो लगेच तोंड उघडत नसे. (विम्याच्या धंद्यात हे फार अवघड असतं; गप्प बसण्याचं कमिशन मिळत नाही.) मग एवढंच विचारायचा, "काळजी नेमकी कसली वाटते?"

पुढे एक ट्रकमालक भेटला. त्याच्यावरही कर्ज. बायको-मुलाबद्दल बोलून झाल्यावर तो थांबला. एजंटही थांबला. जरा वेळाने ट्रकमालक म्हणाला, "आई माझ्याकडंच असते. तिला कोण बघणार?"

या कायद्याखाली आईला लाभार्थी करता येत नाही. म्हणून एजंटने दोन पॉलिसी सुचवल्या: मोठी बायको-मुलासाठी त्या कायद्याखाली, लहान साधी, आईला नॉमिनी करून. आईच्या पॉलिसीला देणेकऱ्यांपासून तसं संरक्षण नसेल, हेही त्याने सांगितलं. "मग लहान का होईना, तीच आधी काढा," ट्रकमालक म्हणाला.