कार्ड तुमच्या हातात, पैसे दुसऱ्याच्या

मार्च 2024 मध्ये झेक पोलिसांनी प्रागमध्ये एटीएममधून पैसे काढणाऱ्या एका 22 वर्षांच्या तरुणाला पकडलं. त्याच्याकडे 1 लाख 60 हजारांहून जास्त क्राऊन, म्हणजे सुमारे सहा हजार युरो निघाले. हे पैसे फक्त शेवटच्या तीन जणांच्या खात्यांतले होते. गंमत अशी की त्यासाठी कुणाचं कार्ड चोरावं लागत नव्हतं. कार्ड मालकाच्या घरात, मालकाच्याच हातात असायचं आणि नोटा प्रागमध्ये निघायच्या.

ही करामत ज्या अ‍ॅपची होती, त्याला ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीने ‘एनगेट’ असं नाव दिलं. कंपनीने त्याची सगळी हकीकत ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध केली. तिचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी मेसेज येतो, कर-परताव्याबद्दल. त्यातली लिंक उघडली की बँकेच्या अ‍ॅपसारखंच दिसणारं काहीतरी फोनवर येतं. त्यात लॉगिन टाइप केलं की ते चोराकडे पोचतं. मग ‘बँकेतून’ फोन येतो : तुमचं खातं धोक्यात आहे, पिन बदला, कार्ड तपासून घ्या, त्यासाठी ही दुसरी लिंक पाठवतो. त्या दुसऱ्या लिंकमधून येतं ते एनगेट. ते जन्मतारीख आणि कार्डाचा पिन विचारतं, फोनचं एनएफसी चालू करायला लावतं आणि शेवटी सांगतं, कार्ड फोनच्या पाठीवर टेकवून ठेवा. माणूस टेकवतो. त्याच क्षणी प्रागमधला तरुण आपला फोन एटीएमला लावून उभा असतो.

आता प्रश्न असा की टॅप करायची कार्डं सुरक्षित असतात ना? असतात. दुकानातल्या मशिनने विचारणा केली की कार्डातली चिप त्या एका व्यवहारापुरता सांकेतिक आकडा तयार करते. तो आकडा नंतर पुन्हा चालत नाही, म्हणून टॅपच्या वेळची माहिती कुणी टिपून ठेवली तरी तिच्यातून त्या कार्डाची नक्कल करता येत नाही. ही तटबंदी एनगेटने फोडली नाही, फोडायची गरजच पडली नाही. एटीएमने विचारलेला प्रश्न प्रागमधल्या फोनने इंटरनेटवरून तुमच्या फोनकडे पाठवला, तुमच्या फोनने तो पाठीवरच्या कार्डाला विचारला आणि कार्डाचं खरंखुरं उत्तर त्याच वाटेने परत नेलं. एटीएमच्या दृष्टीने खरं कार्ड समोर होतं, पिनही बरोबर होता. याला ‘रिले’ हल्ला म्हणतात.

बुद्धिबळाची जुनी युक्ती यासारखीच आहे. दोन ग्रँडमास्टरांशी पत्राने डाव मांडायचे, एकात पांढरी सोंगटी घ्यायची, दुसऱ्यात काळी. एकाची चाल दुसऱ्याला कळवायची आणि दुसऱ्याची पहिल्याला. तुम्हाला घोडा कसा चालतो हे माहीत नसलं तरी चालतं. दोघं एकमेकांशीच खेळत असतात, तुम्ही फक्त पोस्टमन.

एनएफसीचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर. ‘इतक्या जवळ येणार कोण?’ हाच या पद्धतीचा मोठा आधार मानला जायचा. पण कार्ड खरोखर जवळ आहे का, हे मशिन मोजत नाही. उत्तर आलं म्हणजे जवळ आहे असं धरून चालतं. आणि उत्तराला थोडा उशीर झाला तर कार्डाला जादा वेळ मागून घेण्याची सोय नियमातच आहे. इंटरनेटवरून ये-जा करायला तो वेळ पुरतो. एनगेट ज्या साधनावर उभारलं, ते ‘एनएफसीगेट’ही चोरांनी बनवलेलं नव्हतं. जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ते संशोधनासाठी तयार केलं होतं. पुढे एप्रिल 2025 मध्ये इटलीत ‘सुपरकार्ड एक्स’ नावाचं याच घराण्यातलं अ‍ॅप सापडलं. पद्धत तीच : मेसेज, मग फोन, मग ‘कार्ड टेकवा’.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. इथे बहुतेक एटीएमना कार्ड आत सरकवावं लागतं, त्यामुळे प्रागसारखी रोकड काढणं सोपं नाही. पण दुकानातल्या मशिनवर जानेवारी 2021 पासून 5000 रुपयांपर्यंतचा टॅप पिनशिवाय होतो आणि रिले केलेल्या कार्डाला तो दरवाजा उघडाच असतो. पिनही हाती लागला तर रक्कम त्याहून वर जाते. क्यूआर कोड स्कॅन करून केलेल्या यूपीआय व्यवहाराशी या हल्ल्याचा संबंध नाही. तिथल्या फसवणुका वेगळ्या.

लोकलच्या गर्दीत कुणीतरी स्वाइप मशिन खिशाला लावून पैसे काढतो, असे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. त्यांची मला फारशी धास्ती वाटत नाही. मशिन घ्यायला दुकानदाराला ओळखपत्रं आणि बँक खातं द्यावं लागतं, पैसे त्याच खात्यात जातात आणि माग लगेच लागतो. शिवाय पाकिटात दोन-तीन कार्डं एकत्र असली तर मशिन गोंधळतं. खरी भीती आहे ती आपण आपल्याच हाताने कार्ड टेकवण्याची.

म्हणून पहिला आणि सर्वांत कामाचा नियम : कुणाच्या सांगण्यावरून स्वतःचं बँक कार्ड स्वतःच्या फोनला टेकवायचं नाही आणि कार्डाचा पिन फोनवरून ‘पडताळणी’ मागणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकायचा नाही. याला एक खरा अपवाद दिसेल. मेट्रोचं कार्ड फोनला टेकवून रिचार्ज करणारी काही अ‍ॅप आहेत. फरक असा की तिथे सुरुवात तुम्ही केलेली असते, फोनवर कुणी घाई करत नसतं आणि बँकेच्या कार्डाचा पिन मागितला जात नाही. अ‍ॅप मात्र अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावं. एनगेट तिथे कधीच नव्हतं, ते लिंकमधूनच आलं.

दुसरं काम बँकेच्या अ‍ॅपमध्ये आहे. टॅपची सोय चालू-बंद करायची आणि तिची मर्यादा ठरवायची मुभा रिझर्व्ह बँकेने ग्राहकांना देववली आहे. टॅप वापरत नसाल तर बंद करा. वापरत असाल तर किराण्यापुरती, हजार रुपयांची मर्यादा घाला. एक गैरसमज मात्र काढायला हवा. फोनचं एनएफसी बंद केल्याने पाकिटातलं प्लास्टिकचं कार्ड गप्प बसत नाही, त्याला वीज मशिनकडूनच मिळते.

ब्लूटूथची गोष्ट याच्या शेजारची आहे. 2022 मध्ये एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी हीच निरोप्याची युक्ती टेस्लाच्या मॉडेल 3 गाडीवर वापरून दाखवली. किल्ली म्हणून चालणारा फोन दूर घरात होता, तरी गाडी उघडली आणि सुरूही झाली. ज्यांची गाडी फोन जवळ येताच उघडते, त्यांनी चालवण्यापूर्वी पिन मागण्याची सोय असेल तर ती चालू करावी. फोनच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये एक दोष जाहीर झाला. ब्लूटूथ चालू असलेल्या अँड्रॉइड फोनला जवळचा माणूस, मालकाची परवानगी न घेता, कीबोर्ड म्हणून जोडला जाऊन बटणं दाबू शकत होता. अँड्रॉइड 11 आणि पुढच्या आवृत्त्यांना दुरुस्ती मिळाली, 10 आणि त्याआधीच्यांना मिळाली नाही. घरात आजोबांकडे जुना फोन असेल तर त्याचं ब्लूटूथ गरज नसताना बंदच ठेवावं.

आणि कार्ड टेकवून झालंच असेल तर? कार्ड ताबडतोब उचला आणि त्या फोनचं इंटरनेट बंद करा. रिलेची वाट तिथेच तुटते. मग दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा, नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. ओशाळून गप्प बसू नका. पिन आपणच दिला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं.