जागतिक व्यापार करारातील तंटा-निवारण : आपल्या व्यवसायापुरता अर्थ

आसवारिष्टे, चूर्णे व तैले परदेशी पाठविणाऱ्या आपल्या सभासदांची अशी समजूत दिसते की, माल अडला तर जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागता येते. ही समजूत अर्धीच खरी आहे. 1995 पासून लागू असलेल्या त्या कराराच्या दुसऱ्या जोडपत्रात तंटा-निवारणाचे नियम आहेत. त्यानुसार तक्रार करण्याचा अधिकार केवळ सदस्य शासनांस आहे. कारखानदारास, वैद्यास वा संघटनेस नाही. शिवाय तक्रार दुसऱ्या शासनाच्या नियमाविरुद्ध वा कृतीविरुद्धच असावी लागते. ग्राहकाने पैसे बुडविले, तर त्याचा या नियमांशी संबंध नाही.

कार्यपद्धती एका प्रत्यक्ष प्रकरणावरून अधिक स्पष्ट होईल. भारतातून येणाऱ्या सुती चादरींवर युरोपीय समुदायाने नोव्हेंबर 1997 मध्ये मूल्यावपातविरोधी शुल्क (अँटी-डंपिंग ड्यूटी) बसविले. आक्षेप हिशोबाच्या रीतीवर होता. समजा, एका प्रकारची चादर युरोपात देशांतर्गत भावापेक्षा दहा रुपये स्वस्त व तितक्याच संख्येने दुसऱ्या प्रकारची दहा रुपये महाग विकली गेली, तर एकूण फरक शून्य येतो. युरोपीय अधिकारी मात्र दुसऱ्या प्रकारातील वरचढ रक्कम शून्य धरीत. परिणामी पहिल्या प्रकारातील दहा रुपये तसेच उरत आणि नसलेला अवपात हिशोबात दिसे.

भारत शासनाने ऑगस्ट 1998 मध्ये सल्लामसलतीची मागणी केली. हा सक्तीचा पहिला टप्पा होय. समोरच्याने दहा दिवसांत उत्तर द्यावयाचे, तीस दिवसांत चर्चेस बसावयाचे, आणि मागणीपासून साठ दिवसांत तोडगा न निघाल्यास तज्ज्ञमंडळ मागता येते. प्रस्तुत प्रकरणी ते मंडळ ऑक्टोबर 1999 मध्ये स्थापन झाले व त्याचा अहवाल ऑक्टोबर 2000 मध्ये आला. नियमांत सहा, फार तर नऊ महिन्यांचे माप आहे. व्यवहारात ते क्वचितच पाळले जाते. पुढे अपील होऊन मार्च 2001 मध्ये अपीलीय मंडळाने शून्य धरण्याची ती रीत करारबाह्य ठरविली. ऑगस्ट 2001 मध्ये युरोपने हिशोब दुरुस्त करून भारतीय चादरींवरील शुल्काची वसुली स्थगित केली.

म्हणजे मागणीपासून तीन वर्षे लागली. याहून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या नियमांत उपाय पुढील काळापुरता असतो. चुकीचा नियम मागे घ्यावा असे सांगितले जाते. गेल्या काळातील नुकसानीची भरपाई निर्यातदारास मिळत नाही. तीन वर्षांत बाजार गमावलेल्या लहान कारखान्यास हा विजय कितपत उपयोगी पडतो, याचा विचार सभासदांनीच करावा.

डिसेंबर 2019 पासून परिस्थिती आणखी बिकट आहे. अमेरिकेने नव्या नेमणुका रोखल्याने अपीलीय मंडळ बंद पडले. हरलेल्या देशाने अपील केले की ते ऐकण्यास कोणी नसते आणि अहवाल तसाच लटकून राहतो. भारतानेही साखर अनुदानाच्या प्रकरणात डिसेंबर 2021 मध्ये असेच अपील केले. युरोपीय संघ व इतर काही देशांनी 2020 मध्ये आपसांत पर्यायी अपील-व्यवस्था उभारली. भारत तीत सामील झालेला नाही.

मग आपल्या मालाचे काय? युरोपीय संघाच्या 2004 च्या वनौषधी निर्देशानुसार सुलभ नोंदणीसाठी तीस वर्षांच्या औषधी वापराचा पुरावा लागतो व त्यांपैकी सामान्यतः पंधरा वर्षे वापर युरोपीय संघात झालेला असावा लागतो. संक्रमणकाळ 30 एप्रिल 2011 रोजी संपला. शतकानुशतके येथे वापरात असलेल्या योगासही त्यामुळे तेथे दार बंद झाले. भारताने हा विषय तांत्रिक अडथळ्यांच्या समितीत मांडला, पण तंटा दाखल केला नाही. समितीतील चर्चेस निवाड्याचे बळ नसते. मात्र तेथे मसुद्यावर आक्षेप नोंदविता येतो. नव्या नियमाच्या मसुद्यावर मत देण्यास सामान्यतः साठ दिवस असतात, आणि संघटनेच्या हाताशी असलेली खरी संधी हीच होय.

त्यासाठी विधिज्ञाची प्रथम गरज नाही; कागदांची आहे. अडलेल्या खेपेचे बीजक, सीमाशुल्क कार्यालयाचे लेखी नकारपत्र, त्यात उद्धृत केलेला नियम, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि तोच नियम तेथील स्थानिक उत्पादकास लागू आहे की नाही याची माहिती, एवढे एकत्र करून वाणिज्य मंत्रालयाकडे किंवा 2022 मध्ये स्थापन झालेल्या आयुष निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे द्यावे. यांपैकी शेवटचा मुद्दा निर्णायक असतो. शिशाची मर्यादा देशी व परदेशी अशा सर्व चूर्णांस सारखीच लागू असेल आणि आपली खेप तीत नापास झाली असेल, तर तक्रारीस बहुधा आधार नाही. कच्चा माल तपासावा. परंतु परदेशी चूर्णासच जादा चाचणी सांगितली जात असेल, तर ती नोंद जपून ठेवावी.

द्विपक्षीय करारांत तंटा-निवारणाचे स्वतंत्र प्रकरण असते. ते वाचताना प्रथम कोणती प्रकरणे त्यातून वगळली आहेत ते पाहावे, कारण आपल्या मालाशी निगडित आरोग्यविषयक नियम कधीकधी त्याच यादीत असतात.